आजारपणात असाइनमेंटला मुदतवाढ मागायची तर पत्र कसं लिहावं

"मॅडम, मी खूप आजारी आहे. त्यामुळे माझी असाइनमेंट वेळेत पूर्ण होऊ शकणार नाही. तरी कृपया मला थोडी मुदत वाढवून द्यावी ही नम्र विनंती."

सबमिशनच्या आठवड्यात प्रत्येक प्राध्यापकाच्या मेलमध्ये असं एक तरी पत्र येतं. भाषा नम्र असते आणि आजारही बहुतेक वेळा खराच असतो. तरीही हे पत्र तसंच पडून राहतं, कारण ते वाचून मॅडमना 'हो' म्हणता येत नाही. आधी त्यांना विचारावं लागतं की कोणती असाइनमेंट, थोडी म्हणजे किती, काय झालंय आणि आतापर्यंत किती झालंय. चार प्रश्न विचारण्यापेक्षा मेल नंतर बघू म्हणून बाजूला ठेवणं सोपं असतं. विद्यार्थी इकडे तापात वाट बघत राहतो आणि त्याला वाटतं, मॅडम रागावल्या.

म्हणून हे पत्र लिहिताना एकच गोष्ट धरून चालायचं: समोरच्याला "ठीक आहे, 25 ला द्या" एवढंच लिहून मोकळं होता आलं पाहिजे. ते कसं साधायचं, हे एक नमुना घेऊन बघू.

नमुना: जांभळी नाका, 30 मुलाखती आणि डेंग्यू

ठाण्यातल्या एका कॉलेजात एम.ए. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी घेऊ. राहायला कळव्याला. तिला 4,000 शब्दांचा प्रकल्प अहवाल द्यायचा आहे. विषय जांभळी नाक्याच्या बाजारातल्या भाजीविक्रेत्यांच्या रोजच्या उत्पन्नाचा, आणि त्यासाठी 30 विक्रेत्यांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. शेवटची तारीख शुक्रवार, 19 सप्टेंबर, संध्याकाळी 5 वाजता. 22 मुलाखती आणि 2,300 शब्द झालेले आहेत. शनिवारी, 13 तारखेला सकाळी उरलेल्या मुलाखतींना निघायचं होतं, पण त्याच दिवशी ताप चढला. रविवारी गोळी घेऊन काढला, सोमवारी, 15 तारखेला डॉक्टरांकडे गेली. रक्त तपासलं, संध्याकाळी रिपोर्ट आला: एनएस1 पॉझिटिव्ह, म्हणजे डेंग्यू. अॅडमिट होण्याची गरज नाही, पण 20 तारखेपर्यंत घरी विश्रांती आणि मधे रक्ताच्या तपासण्या.

पावसाळा सरता सरता ठाणे-नवी मुंबईत डेंग्यू काही नवलाचा नसतो, आणि सबमिशन नेमकी तेव्हाच असतात.

पत्र कधी पाठवायचं

शनिवारी पहिला ताप आला तेव्हा पत्र पाठवण्यात अर्थ नव्हता, कारण किती दिवस जाणार हेच माहीत नव्हतं. दोन दिवसांत उतरणारा ताप असता तर मुदतवाढ लागलीही नसती. पण रविवारी रात्री दोन ओळी कळवणं चांगलं: "मॅडम, कालपासून ताप आहे. उद्या डॉक्टरांकडे जाते आहे. अहवालाच्या तारखेवर परिणाम होईल असं वाटलं तर रिपोर्ट आल्यावर सविस्तर कळवते." यात काही मागितलेलं नाही. फक्त नंतरचं पत्र अचानक येऊन पडत नाही.

खरं पत्र रिपोर्ट हातात आला की लगेच पाठवायचं. आपल्या उदाहरणात मंगळवारी, 16 तारखेला सकाळी. तारखेला अजून तीन दिवस आहेत, त्यामुळे मॅडमना विभागात विचारायला वेळ मिळतो. शुक्रवारी दुपारी 4 वाजता आलेल्या पत्रातला आजार कितीही खरा असला, तरी पहिला प्रश्न हाच येतो की हे मंगळवारी का नाही कळवलं. खरोखर अंथरुणातून उठवत नसेल तर बहिणीला किंवा मैत्रिणीला तोंडी सांगून टाइप करून घ्यावं, पण मेल आपल्याच आयडीवरून आणि आपल्याच नावाने जावा. आईबाबांनी प्राध्यापकांना फोन करणं शाळेत चालायचं. कॉलेजात त्याने काम अवघडच होतं. हॉस्पिटलात अॅडमिट असाल तेव्हा गोष्ट वेगळी.

तारीख उलटून गेल्यावर पत्र लिहायची वेळ आलीच, तर उशीर का झाला ते पहिल्याच परिच्छेदात एका वाक्यात सांगावं. "17 ते 20 हॉस्पिटलमध्ये होते, फोन जवळ नव्हता" हे पुरेसं आहे. पण तेव्हा ती मुदतवाढ राहत नाही. उशिरा दिलेलं काम स्वीकारण्याची ती विनंती असते, आणि तिचा निर्णय कित्येकदा एकट्या मॅडमच्या हातात नसतो.

किती दिवस मागायचे: हा हिशेब कागदावर करा

बहुतेक जण इथेच चुकतात आणि दोन्ही बाजूंनी चुकतात. कोणी भीतीपोटी दोनच दिवस मागतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा हात पसरतो. कोणी सुरक्षित म्हणून सरळ पंधरा दिवस मागतो. मागायचे दिवस उरलेल्या कामातून आणि तब्येतीतून निघाले पाहिजेत.

आपल्या विद्यार्थिनीचं काय उरलं आहे? 8 मुलाखती आणि 1,700 शब्द: तक्ते, विश्लेषण, निष्कर्ष. धडधाकट असताना ती दिवसाला 600 शब्द सहज लिहिते, म्हणजे तीन दिवसांचं काम. पण डेंग्यूत एक फसवणूक असते. ताप साधारण दोन ते सात दिवस राहतो, आणि तो उतरतो तेव्हा माणसाला वाटतं, संपलं. खरं तर ताप उतरण्याच्या सुमारासचे एक-दोन दिवसच डॉक्टर जास्त लक्ष ठेवून काढतात, आणि त्यानंतरचा अशक्तपणा कधी आठवडा, कधी त्याहून जास्त टिकतो. म्हणून 'ताप गेला की दुसऱ्या दिवसापासून पूर्ण वेगात' असा हिशेब केला तर तो कोसळतोच. विश्रांती 20 पर्यंत. 21 पासून दिवसाला 600 ऐवजी सवाचारशे शब्द धरले, तर 1,700 शब्दांना चार दिवस, 21 ते 24. एक दिवस वाचून दुरुस्त करायला. म्हणजे गुरुवार, 25 सप्टेंबर.

मुलाखतींचं काय? सकाळच्या गर्दीत जांभळी नाक्यावर उभं राहून, विक्रेत्याला गिऱ्हाइकांमधून वेळ मिळेल तसं एकेक प्रश्न विचारत चार मुलाखती घेणं, हे डेंग्यूतून उठलेल्या माणसासाठी दिवसभराचं काम आहे. त्या दिवशी घरी येऊन लिहिणं होणार नाही. 8 मुलाखतींचे दोन दिवस धरले की तारीख 27 वर जाते, आणि तो शनिवार आहे.

आता दुसऱ्या बाजूने बघा. मॅडमनाही एक तारीख पाळायची असते. अंतर्गत गुण परीक्षा विभागाकडे भरायची मुदत ठरलेली असते, आणि ती प्राध्यापकाला स्वतःच्या अधिकारात हलवता येत नाही. आपल्या उदाहरणात ती 30 सप्टेंबर आहे असं समजू. ही तारीख विद्यार्थ्यांना सहसा सांगितली जात नाही, पण विभागाच्या सूचनाफलकावर किंवा वर्गप्रतिनिधीकडे अंदाज मिळतो. 27 ला संध्याकाळी अहवाल दिला, मधे रविवार, तर मॅडमना वाचायला जेमतेम दोन दिवस. 25 ला दिला तर चार-पाच दिवस मिळतात. म्हणून मुख्य मागणी 25 ची करायची, 22 मुलाखतींवर थांबून. पण नमुना 30 चा 22 करणं हा अभ्यासाच्या पद्धतीतला बदल आहे आणि तो परस्पर करायचा नसतो. तो पर्याय मॅडमसमोर ठेवायचा.

एक लक्षात घ्या: इथे आपण गमावलेले दिवस मोजून तेवढेच मागितले नाहीत. आजारात आठ दिवस गेले आणि मागितले सहा. गेलेले दिवस हे कारण असतं, पण मागणी उरलेल्या कामाची असते. काम फक्त शेवटची उजळणी आणि संदर्भसूची एवढंच उरलं असतं, तर आठ दिवस आजारी असूनही दोन दिवस पुरले असते, आणि तेवढेच मागायला हवे होते.

सर्टिफिकेट: काय पाहिजे आणि कुठे घोळ होतो

डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर पाच गोष्टी तपासा: तुमचं नाव कॉलेजच्या आयकार्डावर आहे तसंच, तपासल्याची तारीख, आजाराचं नाव, विश्रांती कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि डॉक्टरांची सही-शिक्क्यासह नोंदणी क्रमांक. हा क्रमांक प्रत्येक सर्टिफिकेटवर, प्रिस्क्रिप्शनवर आणि पावतीवर असणं डॉक्टरांवर 2002 च्या आचारसंहितेनुसार बंधनकारकच आहे, त्यामुळे तो मागायला लाजू नका.

सगळ्यात जास्त घोळ तारखांचा होतो. ताप आला शनिवारी, डॉक्टरांनी बघितलं सोमवारी. डॉक्टर प्रामाणिक असतील तर "13 पासून आजारी होती" असं स्वतःच्या नावाने ते लिहिणार नाहीत, कारण 13 ला त्यांनी पाहिलेलंच नाही. फार तर "रुग्णाच्या सांगण्यानुसार दोन दिवसांपासून ताप" असं लिहितील. त्यांच्या मागे लागून मागची तारीख टाकून घेऊ नका. पत्रात मात्र स्वच्छ लिहा: ताप 13 पासून, तपासणी 15 ला. पत्रात "13 पासून उपचार सुरू आहेत" आणि सर्टिफिकेटवर 15, असा फरक दिसला की वाचणाऱ्याच्या मनात शंका येते, आणि मग खऱ्या गोष्टींवरही ती शंका पसरते. पैसे देऊन मिळणाऱ्या सर्टिफिकेटांबद्दल बोलायचीही गरज नसावी, पण एवढं सांगतो: एकाच शिक्क्याची सर्टिफिकेटं एकाच वर्गातून दरवर्षी येऊ लागली की स्टाफरूममध्ये तो शिक्का पाठ झालेला असतो.

सर्टिफिकेट मिळायला वेळ लागत असेल तर पत्र अडवून ठेवू नका. केस पेपर किंवा रक्ताचा रिपोर्ट जोडा आणि "सर्टिफिकेट गुरुवारपर्यंत पाठवते" असं लिहा. आणि ते गुरुवारी पाठवा.

दोन दिवसांचा साधा ताप असेल, डॉक्टरकडे गेलाच नसाल, तर तसंच लिहा: "डॉक्टरांकडे गेले नव्हते, त्यामुळे सर्टिफिकेट नाही." दोन दिवसांची मुदत अशा सरळ वाक्यावर देणारे प्राध्यापक भरपूर आहेत. बरं झाल्यावर शोधून आणलेल्या सर्टिफिकेटपेक्षा हे बरं.

आजार खाजगी असेल, पाळीचा त्रास असेल, मानसिक आजाराचे उपचार चालू असतील, तर पत्रात तपशील देण्याची सक्ती नाही. "डॉक्टरांच्या उपचारांखाली आहे, 20 पर्यंत विश्रांती सांगितली आहे. कारणाचा तपशील पत्रात देत नाही, सर्टिफिकेट विभागप्रमुखांना बंद पाकिटात दाखवू शकते" एवढं पुरतं. मानसोपचारतज्ज्ञाचं सर्टिफिकेट हे डॉक्टरांचंच सर्टिफिकेट आहे. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातही स्पष्ट दिलेला आहे.

पत्र

मेलने पाठवायचं पत्र असं:

> विषय: एम.ए. भाग 1 अर्थशास्त्र, रोल नं. 27: प्रकल्प अहवाल 25 सप्टेंबरला देण्याची परवानगी मिळण्याबाबत
>
> आदरणीय मॅडम,
> सादर नमस्कार.
>
> जांभळी नाक्यावरच्या भाजीविक्रेत्यांवरील माझा प्रकल्प अहवाल शुक्रवार, 19 सप्टेंबरला संध्याकाळी 5 पर्यंत द्यायचा आहे. तो गुरुवार, 25 सप्टेंबरला संध्याकाळी 5 पर्यंत देण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.
>
> मला शनिवार, 13 तारखेपासून ताप आहे. काल, 15 तारखेला डॉक्टरांनी तपासलं. डेंग्यूची चाचणी पॉझिटिव्ह आली असून 20 तारखेपर्यंत घरी विश्रांती घ्यायला सांगितलं आहे. सर्टिफिकेट सोबत जोडलं आहे.
>
> 4,000 पैकी 2,300 शब्द आणि 30 पैकी 22 मुलाखती पूर्ण झाल्या आहेत. झालेला मजकूर जसा आहे तसा सोबत जोडते आहे. तक्ते, विश्लेषण आणि निष्कर्ष बाकी आहेत. ते 21 ते 24 या दिवसांत लिहीन.
>
> 25 ला द्यायचं झाल्यास 22 मुलाखतींवरच विश्लेषण करावं लागेल, आणि तसं अहवालाच्या मर्यादांमध्ये नमूद करेन. 30 मुलाखती आवश्यक असतील, तर मला शनिवार, 27 पर्यंत वेळ लागेल. आपण सांगाल तसं करेन.
>
> आपली विद्यार्थिनी,
> (पूर्ण नाव)
> रोल नं. 27, मोबाइल क्रमांक

सुमारे सव्वाशे शब्दांचं पत्र आहे. यात काय आहे, त्याइतकंच काय नाही हेही बघण्यासारखं आहे.

मागणी दुसऱ्याच वाक्यात आली आहे. आपल्याकडे शाळेपासून अर्ज लिहायची जी सवय लागते, तिच्यात आधी कारण, मग आणखी कारण आणि अगदी शेवटी 'तरी' म्हणून विनंती असते. सुट्टीच्या अर्जाला ते ठीक आहे. इथे वाचणाऱ्याला आधी कळलं पाहिजे की काय हवंय. मग पुढचा मजकूर 'हे द्यावं का' या नजरेने वाचला जातो.

तारखेबरोबर वार आणि वेळ आहे. 'गुरुवार, 25' लिहिलं की चुकीची तारीख टाइप झाली तर लगेच सापडते. वेळ लिहिली नाही तर 25 च्या रात्री 11:50 ला अहवाल पाठवून 'तारीख तर पाळली' असं म्हणायची वेळ येते, आणि मॅडमच्या डोक्यात 25 म्हणजे कॉलेज सुटायच्या आत.

प्लेटलेट किती होत्या, किती वेळा उलट्या झाल्या, हे कुठेही नाही. सर्टिफिकेट जोडलेलं आहे, तेवढं पुरे. लक्षणांची यादी जितकी लांबते तितकं पत्र पटवून द्यायचा प्रयत्न वाटू लागतं. गणपतीत गावी गेल्यामुळे आधीचे पाच दिवस वाया गेले, हेही नाही. खरं असलं तरी नाही, कारण मुदत मागायचं कारण एक असावं. दोन कारणं दिली की वाचणारा त्यातलं कच्चं कारण पकडतो. मात्र मॅडमनी थेट विचारलं की आधी काम का झालं नाही, तर लपवू नका.

झालेला मजकूर जोडणं ही या पत्रातली सगळ्यात जड गोष्ट आहे. '2,300 शब्द झाले' हे कोणीही लिहू शकतं. फाइल जोडली की प्रश्नच उरत नाही. ती सजवत बसू नका. अर्धवट वाक्यं, पिवळे ठळक केलेले भाग, 'इथे तक्ता 3' अशी रिकामी जागा, सगळं राहू द्या. कच्चा मसुदा कच्चा दिसला तरच तो खरा वाटतो.

संबोधनाबद्दल थोडं. मेलमध्ये 'आदरणीय मॅडम' किंवा 'आदरणीय सर' पुरेसं आहे. 'महोदया' कार्यालयीन अर्जात शोभतं, रोज वर्गात भेटणाऱ्या मॅडमना मेलमध्ये ते परकं वाटतं. स.न.वि.वि. इथे नको. पूर्ण पत्रात 'आपण' वापरलं की शेवटपर्यंत 'आपण'च ठेवा. मधेच 'तुम्ही म्हणाल तसं' आलं की पत्र दोघांनी लिहिल्यासारखं दिसतं. आणि 'उपकृत करावे', 'आजन्म ऋणी राहीन' हे तर अजिबात नको. सहा दिवसांसाठी आजन्म ऋण फार होतं.

काही विभागांत मेल चालत नाही, लेखी अर्जच लागतो. मग मजकूर हाच, फक्त वर 'प्रति, मा. विभागप्रमुख, अर्थशास्त्र विभाग', त्याखाली 'द्वारा: विषय प्राध्यापक', आणि शेवटी 'आपली विश्वासू' व सही. मैत्रिणीच्या हाती दोन प्रती पाठवा आणि एका प्रतीवर 'मिळाले' अशी सही व तारीख घेऊन यायला सांगा. ही पोच घ्यायला लोक संकोचतात आणि नंतर पस्तावतात.

फाइली दोनच आणि पीडीएफमध्ये, नावावरून कळतील अशा: `Roll27_Certificate.pdf` आणि `Roll27_Draft.pdf`. सर्टिफिकेटचा फोटो काढताना कागद सपाट ठेवा आणि नोंदणी क्रमांक वाचता येतो का ते मोठं करून बघा. शिक्का निळा आणि सही त्याच्यावरून गेलेली असते, त्यामुळे नेमका तोच आकडा पुसट येतो.

उत्तर आलं नाही तर

मंगळवारी सकाळी मेल गेला. गुरुवारी दुपारपर्यंत उत्तर नाही. प्राध्यापकांना दिवसाला अनेक मेल येतात, राग आलाय असं समजू नका. त्याच मेलला उत्तर म्हणून एक ओळ पाठवा: "मॅडम, मंगळवारच्या विनंतीबद्दल आठवण करून देते. उद्या 5 वाजता मुदत संपते आहे." नवीन मेल लिहू नका, नाहीतर जोडलेल्या फाइली मागे राहतात. शिवाय मैत्रिणीला स्टाफरूममध्ये छापील प्रत द्यायला सांगा. व्हॉट्सअॅप फक्त मॅडम स्वतः तिथे विद्यार्थ्यांशी बोलत असतील तरच, आणि तेही "मेल पाठवला आहे" एवढंच.

शुक्रवारी 5 पर्यंतही काही कळलं नाही, तर जे आहे ते दिलेल्या जागी जमा करा. पहिल्या पानावर वर लिहा: "अपूर्ण प्रत. मुदतवाढीची विनंती 16 सप्टेंबरच्या मेलने केली आहे." काहीच न दिल्यापेक्षा 2,300 शब्द जमा असणं कधीही बरं, कारण परवानगी मिळालीच नाही तर निदान तेवढ्यावर गुण मिळतील.

गूगल क्लासरूमवर जमा करत असाल तर एक बारकावा आहे. वेळेत जमा केलेलं काम नंतर बदलायचं म्हणून तारखेनंतर `Unsubmit` दाबलं आणि पुन्हा जमा केलं, की ते उशिरा आलेलं म्हणून नोंदलं जातं. आधी वेळेत दिलं होतं हे तिथे धरलं जात नाही. आणि दाबून पुन्हा जमा करायचं राहिलं, तर काहीच दिलेलं नाही असं दिसतं. म्हणून परवानगी आल्यावर मॅडमना विचारूनच ठरवा: तिथेच बदलायचं की पूर्ण प्रत मेलने द्यायची. तिथेच बदलायचं ठरलं तर 'उशिरा' हा शिक्का पडणारच, आणि तो का आहे याचा पुरावा म्हणजे मॅडमचा मेल. तो जपून ठेवा.

उत्तर आल्यावर

"ठीक आहे, 25 ला द्या. 22 चालतील, मर्यादांत लिहा." असं उत्तर आलं, तर लगेच एक ओळ परत: "धन्यवाद मॅडम. गुरुवार, 25 ला संध्याकाळी 5 पर्यंत, 22 मुलाखतींवर अहवाल देते." हा शिष्टाचार आहेच, पण त्याहून जास्त म्हणजे दोघांनाही तीच तारीख आणि तीच अट समजली आहे याची ती नोंद असते. मॅडम जिन्यात भेटून तोंडी 'हो गं, दे नंतर' म्हणाल्या असतील तर अशा ओळीची गरज दुप्पट. 'नंतर' कोणालाच आठवत नाही.

"25 ला द्या, पण उशिराचे दोन गुण कापले जातील" असंही उत्तर येऊ शकतं. तो विभागाचा नियम असेल तर वाद घालून उपयोग नाही. फक्त हे विचारा की वैद्यकीय कारणाला नियमात वेगळी तरतूद आहे का. असेल तर अर्ज विभागप्रमुखांकडे करा, त्याच सर्टिफिकेटसह. आणि उत्तर "नाही" आलं, कारण गुण भरायची तारीख आपण समजलो तशी 30 नसून 20 आहे, तर ते उत्तर मॅडमचं नसून वेळापत्रकाचं आहे. तेव्हा जे जमा केलं तेच अंतिम धरायचं, किंवा प्राचार्यांकडे विभागप्रमुखांमार्फत लेखी अर्ज करायचा.

हजेरीची गोष्ट वेगळी आहे, हे लोक विसरतात. मुदतवाढ मिळाली म्हणजे त्या आठवड्याची गैरहजेरी माफ झाली असं होत नाही. 75 टक्क्यांच्या हिशेबात ते दिवस धरले जातात. सर्टिफिकेटची मूळ प्रत त्यासाठी कॉलेजच्या ऑफिसात वेगळ्या अर्जासोबत द्यावी लागते. म्हणून मूळ कागद मॅडमकडे सोडू नका. त्यांना प्रत द्या आणि मूळ कागद दाखवून परत घ्या.

24 तारखेला पुन्हा ताप आला तर

असं होतं. तेव्हा दुसरी मुदतवाढ मागण्याआधी बघा की 24 पर्यंत काय झालं आहे. तक्ते आणि विश्लेषण झालं असेल, फक्त निष्कर्ष उरला असेल, तर 25 ला तेवढाच अहवाल द्या आणि निष्कर्षाच्या जागी तीन-चार मुद्दे ठेवा. शेदोनशे गुणांच्या परीक्षेत पाच-सात गुणांनी काही बिघडत नाही, पण दुसऱ्यांदा पुढे ढकललेली तारीख मॅडमना गुण भरायच्या दिवसाच्या तोंडाशी नेते. खरंच लिहिता येत नसेल तर 24 लाच, सकाळी, डॉक्टरांच्या नव्या कागदासह लिहा, आणि या वेळी दिवसांची नाही तर एकाच दिवसाची मागणी करा: शुक्रवार, 26, दुपारी 12.